एकसारखे तुकडे, एकच क्रम

भातावर कडा करपा पाडणारा झँथोमोनास हा जीवाणू पिकाच्या पेशीत काही प्रथिने सोडतो. ही प्रथिने थेट पेशीच्या केंद्रकात जातात, डीएनएवर ठरावीक जागा शोधून बसतात आणि जीवाणूच्या सोयीची जनुके चालू करतात. ती जागा त्यांना सापडते कशी, हे कोडे 2009 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडले. एक गट जर्मनीतल्या हाले शहरातला होता, दुसरा अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातला. प्रथिनाच्या मधल्या भागात 34 अमिनो आम्लांचा एक घटक ओळीने पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक घटक डीएनएचे एक अक्षर ओळखतो. घटकाघटकांत खरा फरक फक्त बाराव्या आणि तेराव्या जागी असतो. तिथे एक जोडी असेल तर तो A वर बसतो, दुसरी असेल तर C वर, तिसरी असेल तर T वर, चौथी असेल तर G वर.

या प्रथिनांना ‘टेल’ म्हणतात. हवी ती अक्षरे वाचणारे टेल बनवून त्याला डीएनए कापणारा भाग जोडला की जनुक संपादनाचे हत्यार तयार होते. 2015 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एक वर्षाच्या मुलीला ज्या दात्याच्या पेशी दिल्या, त्या याच जातीच्या हत्याराने बदललेल्या होत्या.

संकेत समजला तरी तो लिहायचा कसा, हा प्रश्न उरतोच. समजा, 16 अक्षरांची एक जागा ओळखायची आहे. मग प्रत्येकी 102 अक्षरांचे पंधरा तुकडे आणि शेवटचा एक अर्धा तुकडा, हे सगळे एका प्लास्मिडमध्ये अचूक क्रमाने बसले पाहिजेत. प्लास्मिड म्हणजे जीवाणूच्या पेशीत राहणारे आणि तिच्याबरोबर वाढणारे डीएनएचे छोटे वर्तुळ. प्रयोगशाळेत तुकडे जोडण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. कोणती घ्यायची हे सवयीवर किंवा फ्रीजमध्ये कोणते किट आहे यावर ठरू नये, समोरच्या डीएनएची अक्षरे वाचून ठरावे. टेलच्या उदाहरणात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते.

सर्वांत जुनी रीत 1970 च्या दशकातली. इको-आर-वन हे एन्झाइम GAATTC ही अक्षरे शोधते आणि तिथेच असे कापते की दोन्ही टोकांना AATT ही चार अक्षरे एकेरी लोंबत राहतात. अशी दोन टोके जवळ आली की एकमेकांना धरतात आणि लायगेज हे दुसरे एन्झाइम तो जोड पक्का करते. अडचण ही की इको-आर-वनने कापलेले प्रत्येक टोक सारखेच असते. कोणता तुकडा कोणाशेजारी बसायचा हे त्या टोकात लिहिलेलेच नसते. दहा तुकड्यांचा क्रम राखायचा तर प्रत्येक जोडाला निराळे एन्झाइम हवे, आणि त्यातल्या कोणाचीही खूण तुकड्यांच्या आत येता कामा नये. शिवाय ती खूण जोडाच्या जागी कायमची राहते. सहा अक्षरे म्हणजे प्रथिनात दोन अमिनो आम्ले, आणि तिथे कोणती दोन यावीत हे एन्झाइम ठरवते. म्हणून माणसे एकेक तुकडा बसवत जातात: कापा, जेलवर वेगळा करा, जोडा, जीवाणूत घाला, रात्रभर वाढवा, तपासा. एका फेरीला तीन-चार दिवस सहज जातात. पंधरा तुकड्यांसाठी हा हिशेब कोणी करत बसत नाही.

दुसरी रीत डॅनिएल गिब्सन यांनी 2009 मध्ये क्रेग व्हेंटर संस्थेतून प्रसिद्ध केली. तिला कापण्याची खूण लागतच नाही. शेजारच्या दोन तुकड्यांच्या टोकांना 20 ते 40 अक्षरांचा मजकूर समान ठेवायचा आणि सगळे तुकडे 50 अंश सेल्सियसला तीन एन्झाइमांबरोबर एकाच नळीत तासभर ठेवायचे. पहिले एन्झाइम प्रत्येक टोकाचा एक धागा कुरतडते, त्यामुळे समान मजकूर उघडा पडतो आणि शेजारी एकमेकांना ओळखतात. दुसरे एन्झाइम उरलेली पोकळी भरते, तिसरे शिवण घालते. जोडावर एकही परके अक्षर राहत नाही. रोजच्या कामात ही रीत फार सुखाची आहे.

टेलसाठी मात्र तीच घातक ठरते. तिची सगळी भिस्त टोकावरचा मजकूर त्या जोडापुरता एकमेव असण्यावर आहे, आणि इथे तिसऱ्या तुकड्याच्या शेवटची तीस अक्षरे सातव्या तुकड्याच्या शेवटीही जवळजवळ तशीच असतात. मग तिसरा तुकडा चौथ्याला धरील तसाच आठव्यालाही धरील आणि मधले चार गळतील. वर्तुळ पूर्ण होते, जीवाणू वाढतो, कॉलनी उगवते. प्लेट पाहून सगळे ठीक वाटते, पण आत सोळाऐवजी बारा अक्षरे वाचणारे प्रथिन असते. त्यात तुकडे 102 अक्षरांचे. इतक्या लहान तुकड्याला कुरतडणारे एन्झाइम जोड जमण्याआधीच बराचसा खाऊन टाकू शकते.

तिसऱ्या रीतीचे नाव गोल्डन गेट. ती 2008 मध्ये आली, तीही हाले शहरातूनच, तिथल्या आयकॉन जेनेटिक्स या कंपनीतून. तिचे मर्म एन्झाइमच्या एका विचित्र सवयीत आहे. बीएसए-वन हे एन्झाइम GGTCTC ही खूण ओळखते, पण खुणेवर कापत नाही. एका धाग्यावर एक अक्षर सोडून आणि दुसऱ्यावर पाच अक्षरे सोडून ते बाहेर कापते. त्यामुळे लोंबणारी चार अक्षरे कोणती असावीत हे एन्झाइम नव्हे, आराखडा करणारा ठरवतो. रेल्वेच्या प्रत्येक डब्याची कडी फक्त पुढच्याच डब्यात अडकेल अशी घडवावी, तसे हे काम आहे. खूण अशी ठेवतात की कापल्यावर ती टाकाऊ भागाबरोबर निघून जाते. म्हणून बरोबर जुळलेला जोड पुन्हा कापला जात नाही. तुकडा आपल्या मूळ प्लास्मिडला परत चिकटला, तर खूण परत तयार होते आणि एन्झाइम त्याला पुन्हा कापते. कापणे आणि जोडणे एकाच नळीत चालू राहते आणि हळूहळू सगळे साहित्य हव्या त्या रचनेकडे सरकते.

टेलचे तुकडे इतके सारखे असताना चार अक्षरे वेगळी कुठून आणायची? एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत अनेक संकेत असतात. जोडाच्या जागी दर वेळी वेगळा समानार्थी संकेत वापरला की प्रथिन तेच राहते आणि टोके निराळी होतात. चार अक्षरांची 256 टोके शक्य आहेत. त्यांतली AATT सारखी 16 स्वतःशीच जुळतात, ती बाद. उरलेल्या 240 च्या 120 जोड्या होतात. दहा तुकडे आणि प्लास्मिड मिळून जोड फक्त अकरा.

या कल्पनेवर 2011 मध्ये मिनेसोटा आणि आयोवाच्या संशोधकांनी जो संच तयार केला तो जगभर वापरला गेला. त्यात दहा जागा आणि प्रत्येक जागेसाठी चारही अक्षरांचे तयार तुकडे आहेत. अशा चाळीस प्लास्मिडांतून दहा अक्षरांची दहा लाखांहून अधिक वाक्ये लिहिता येतात. आपल्या 16 अक्षरांसाठी पहिले दहा तुकडे एका नळीत आणि पुढचे पाच दुसऱ्या नळीत जोडतात. प्रत्येक प्लास्मिड 150 नॅनोग्रॅम, 37 अंशांवर पाच मिनिटे, 16 अंशांवर दहा मिनिटे, असे दहा फेरे. दुसऱ्या टप्प्यात वेगळे एन्झाइम वापरून या दोन माळा आणि शेवटचा अर्धा तुकडा अंतिम प्लास्मिडमध्ये बसवतात.

या पद्धतीतली एक पायरी नवशिक्याला अनावश्यक वाटते, पण ती कधीही वगळू नये. जोडणी संपल्यावर नळीत एक न्यूक्लिएज घालतात. ते सरळ उरलेला डीएनए खाते आणि बंद वर्तुळांना हात लावत नाही. कारण नळीत अर्धवट माळाही असतात. त्या जीवाणूच्या पेशीत गेल्या तर तुकडे सारखे असल्यामुळे पेशी स्वतःच त्यांची टोके जुळवून आखूड वर्तुळ करू शकते. म्हणजे नळीत टाळलेली चूक पेशीत होते.

तपासणीतही सारखेपणा आडवा येतो. कॉलनीवर पीसीआर केला की जेलवर एक स्वच्छ बँड दिसावा असे कोणालाही वाटेल. टेलमध्ये योग्य कॉलनी उलट शिडीसारखी दिसते: शंभर-शंभर अक्षरांच्या अंतराने पट्टे आणि पसरट धूर. अर्धवट तयार झालेले धागे पुढच्या फेरीत चुकीच्या तुकड्यावर बसतात, म्हणून असे होते. एकच आखूड ठळक बँड दिसला तर मात्र संशय घ्यावा. मग एन्झाइमने माळ कापून लांबी पाहतात. दहा तुकड्यांची माळ हजार अक्षरांहून थोडी मोठी भरली पाहिजे. शेवटी अक्षरे वाचावी लागतात आणि ती दोन्ही टोकांकडूनच, कारण मधून वाचायला सुरुवात करावी तर तो प्रायमर प्रत्येक तुकड्यावर बसतो.

यावरून गोल्डन गेट सगळीकडे वापरावी असे मात्र नाही. बीएसए-वनची खूण उलटसुलट वाचली की वेगळी दिसते, म्हणून ती दोन्ही धाग्यांवर शोधावी लागते आणि सरासरी 2048 अक्षरांत एकदा सापडते. इको-आर-वनची खूण दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाते, ती 4096 अक्षरांत एकदा येते. म्हणजे दहा हजार अक्षरांच्या एखाद्या प्लास्मिडमध्ये बीएसए-वनच्या पाचेक खुणा असणे अगदी साधारण. पीयूसी-19 या सर्वपरिचित प्लास्मिडच्या अँपिसिलिन जनुकातही अशी एक खूण आहे. प्रत्येक खूण आधी मोडावी लागते. GGT CTC च्या जागी GGT CTG लिहिले की प्रथिन तेच राहते, पण त्यासाठी प्रायमर मागवणे, बदल करणे, तपासणे हे सगळे आलेच. तीन वेगवेगळ्या मोठ्या तुकड्यांचे एकच प्लास्मिड एकदाच हवे असेल, तर इतक्या खटाटोपापेक्षा गिब्सन निश्चित बरी. तिथे फक्त टोकांवर एकसारखे टर्मिनेटर किंवा स्वतःवरच दुमडणारा मजकूर येऊ द्यायचा नाही. तुकड्यांशिवाय, नुसत्या प्लास्मिडची एक नळीही बरोबर लावावी. तिच्या प्लेटवरही तितक्याच कॉलन्या आल्या तर त्या न कापल्या गेलेल्या मूळ प्लास्मिडच्या आहेत.

आणि सोळा अक्षरांचे टेल तयार झाल्यावर ते भाताच्या पेशीसाठीच्या दुसऱ्या प्लास्मिडमध्ये हलवायचे असते, तेव्हा 1970 च्या दशकातली जुनी रीतच उपयोगी पडते. आता सारख्या तुकड्यांच्या माळेला कोणी आतून हात लावत नाही. तिच्या दोन्ही बाहेरच्या कडांना, पूर्ण रचनेत एकदाच येणाऱ्या दोन वेगळ्या खुणा आधीच ठेवलेल्या असतात. दोन एन्झाइमांनी कापून जेलवर चालवले की दोन बँड मिळतात: वरचा जुना प्लास्मिड, खालची माळ. खालचा बँड कापून घ्यायचा, नव्या प्लास्मिडबरोबर लायगेज घालून 16 अंशांवर रात्रभर ठेवायचा.