लुआबाचे पाणी सकाळी भिजवू नये

जोशांदा बहुतेकांना ठाऊक असतो, कारण सर्दी झाली की तो उकळून प्यायला जातो. त्याचा थंड भाऊ म्हणजे खेसांदा. यात औषधी थंड पाण्यात भिजवून गाळतात. आयुर्वेदात यालाच हिम म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत एक भाग भरड औषध सहा भाग पाण्यात रात्रभर ठेवायला सांगितले आहे. रमजानमध्ये माहूरच्या उन्हात कोरडा पडलेला घसा आणि जळजळणारे पोट यांच्यासाठी मेथी किंवा खत्मीच्या मुळाचे असे पाणी करता येते.

ही औषधी उकळत का नाहीत? खत्मीच्या मुळात लुआबाबरोबर, म्हणजे त्या बुळबुळीत द्रवाबरोबर, भरपूर पिष्टही असते. पाणी तापले की पिष्ट फुगून त्याची खळ होते. थंड पाण्यात मात्र लुआब सुटतो आणि पिष्ट मुळातच राहते.

पण हाच गुण महागात पडतो. मूळ मातीतून येते, मेथी खळ्यातून येते. त्यांच्यावरचे सूक्ष्म जंतू कोरडेपणामुळे नुसते निजलेले असतात. पाणी मिळताच ते जागे होतात, आणि त्यांना मारायला इथे आच नसते. लुआब म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, शिवाय मेथीतून थोडी प्रथिनेही उतरतात. जंतूंना आयते जेवणच.

समजा, सहरीनंतर पाच वाजता मेथी भिजवली आणि इफ्तारला, साडेसहाच्या सुमारास, प्यायली. मधले साडेतेरा तास ओट्यावर, उकाड्यात गेले. उबदार पाण्यात जंतू अर्ध्या तासात दुप्पट झाले, असे धरले, तर बाराच तासांत एकाचे एक कोटी सदुसष्ट लाख होतात. प्रत्यक्षात वेग कमी-जास्त असतो, पण हिशेबाची दिशा तीच.

त्यापेक्षा दुपारी दोनच्या सुमारास चमचाभर मेथी धुऊन, उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात झाकून ठेवावी. फ्रीज असेल तर त्यातच ठेवावी. इफ्तारपर्यंत पुरेसा लुआब उतरतो. उरलेले पाणी सहरीसाठी राखायचेच असेल तर ते फ्रीजमध्येच हवे. तिथे जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीसाठी नवे करावे. साखर घातल्याने हे पाणी टिकत नाही. मुरंब्याइतकी दाट साखर घातली तर गोष्ट वेगळी, पण मग ते खेसांदा राहत नाही.

बिघाड ओळखायला नाक आणि बोटे पुरतात. आंबूस वास, वर बुडबुडे ही खूण सगळ्यांना कळते. दुसरी खूण फसवी आहे: कालचे दाट पाणी आज पातळ होते. लुआब विरघळून मुरला, असे वाटते. खरे तर जंतूंनी त्या साखळ्या तोडून खाल्लेल्या असू शकतात. मात्र वास चांगला म्हणजे पाणी निर्धोक, असेही नाही.

लुआब आतड्यात औषधांचे शोषण लांबवतो, म्हणून इफ्तारच्या गोळ्या आणि हे पाणी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी मेथीचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.