अकरावीची गुणपत्रिका आणि परदेशी क्रीडा-शिष्यवृत्ती

श्रीरामपूर येथे जन्मलेल्या ऋतुजा भोसले यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासमवेत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. तत्पूर्वी त्या अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या. तेथील अनेक विद्यापीठे आपल्या संघातील खेळाडूंच्या शिक्षणाचा, निवासाचा व भोजनाचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः उचलतात. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात घाम गाळणाऱ्या मुलामुलींनाही ही वाट खुली आहे; मात्र ती मैदानाइतकीच शाळेच्या दप्तरातून जाते.

या शिष्यवृत्तीसाठी शासनाकडे अर्ज करावयाचा नसतो. खेळाडूने आपली कामगिरी व खेळाची चित्रफीत संघाच्या प्रशिक्षकाकडे स्वतः पाठवावयाची असते. प्रशिक्षकाने पसंती दिली तरी पात्रता ठरविते ती एनसीएए ही विद्यापीठीय क्रीडासंस्था. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी ती नववी ते बारावीच्या चार वर्षांत मिळून १६ मूलभूत विषय पाहते. एका विषयाचा एका वर्षाचा अभ्यास म्हणजे एक विषय, अशी ही मोजणी आहे. त्यांत गणिताची तीन वर्षे अनिवार्य आहेत.

आपल्याकडे चूक होते ती नेमकी येथे. समजा, एखाद्या गुणी धावपटूने सरावास वेळ मिळावा म्हणून दहावीनंतर गणित सोडून कला शाखा घेतली. नववी व दहावी मिळून तिची गणिताची दोनच वर्षे भरतात. तिसरे वर्ष कोणत्याही पदकाने भरून निघत नाही. शिवाय १६ पैकी १० विषय शेवटच्या वर्षापूर्वी, म्हणजे अकरावीअखेर, पूर्ण व्हावे लागतात. भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे धरता नववी-दहावीत आठ होतात. उरलेले दोन अकरावीतच मिळवावे लागतात. अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानण्याची आपली रीत म्हणूनच महाग पडते. शाळा बदलताना नववीची गुणपत्रिका गहाळ झाली, तर तीही अडचण होते.

प्रवेशानंतरचा दिनक्रम कठीण असतो. हंगामात सक्तीचा सराव आठवड्यास २० तासांपर्यंतच घेता येतो व एक दिवस सुट्टी द्यावी लागते; परंतु सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीनच तासांचा धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. त्याच वेळी प्रत्येक सत्रात किमान १२ श्रेयांकांचा अभ्यास चालू ठेवावा लागतो. परदेशी विद्यार्थ्याने पूर्वपरवानगीवाचून तो कमी केल्यास खेळण्याच्या हक्काबरोबर व्हिसाही धोक्यात येतो. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो.

‘शिष्यवृत्ती मिळाली’ या शब्दांवर मात्र पालकांनी लगेच विसंबू नये. २०२५ पूर्वीच्या नियमांत महिला टेनिस संघास आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. पुरुष संघास साडेचारच, आणि त्या खेळाडूंत विभागल्या जात. आता अनेक विद्यापीठांत त्याऐवजी संघाच्या संख्येवर मर्यादा आहे. तेव्हा रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाल्यास काय, हे विद्यापीठाच्या लेखी करारात पाहावे. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थास दूर ठेवावे; तसा व्यवहार खेळाडूचीच पात्रता घालवू शकतो.