दहाचे तीन उंबरठे

9 एप्रिल 2017 रोजी डेन्व्हरमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकने त्या सामन्यातला आपला दहावा असिस्ट नोंदवला आणि पंचावन्न वर्षांचा एक विक्रम मोडला. हंगामातला तो त्याचा 42 वा ट्रिपल-डबल होता. ऑस्कर रॉबर्टसनने 1961-62 मध्ये 41 केले होते.

बास्केटबॉलमध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट यांपैकी दोन गोष्टी एकाच सामन्यात दहावर गेल्या की डबल-डबल होतो, तिन्ही गेल्या की ट्रिपल-डबल. हुकलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड, आणि ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो तो असिस्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये क्रीडा-सट्ट्याचा निर्णय राज्यांवर सोपवला. तेव्हापासून तिथल्या अनेक राज्यांत ‘आज अमुक खेळाडू ट्रिपल-डबल करेल का’ यावर कायदेशीर भाव निघतो. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, त्यामुळे आपल्याला इथे फक्त त्यामागचे गणित पाहायचे आहे. तो भाव ठरतो कसा?

वेस्टब्रुकची त्या हंगामातली सरासरी होती 31.6 गुण, 10.7 रिबाउंड आणि 10.4 असिस्ट. तिन्ही सरासऱ्या दहाच्या वर असूनही त्याच्या 81 सामन्यांपैकी 42 म्हणजे निम्म्याहून थोड्याच जास्त सामन्यांत ट्रिपल-डबल झाला. सरासरी साडेदहाच्या आसपास असली, तर बरेच सामने नऊ, आठ किंवा सातवरही संपतात. म्हणून भाव काढताना पहिला प्रश्न सरासरीचा नसतो. दहाचा उंबरठा किती सामन्यांत ओलांडला गेला, हा असतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. रिबाउंडचा उंबरठा आणि असिस्टचा उंबरठा एकाच रात्री ओलांडले जातात की वेगवेगळ्या रात्री? वेस्टब्रुकच्या बाबतीत याचे उत्तर जाहीर आकड्यांतूनच निघते. त्याचे डबल-डबल होते 62, ट्रिपल-डबल धरून. एकतीस गुणांची सरासरी असणारा खेळाडू जवळजवळ प्रत्येक सामन्यात दहा गुण करतो, असे धरून चालू. मग 62 सामन्यांत रिबाउंड आणि असिस्ट यांपैकी किमान एक गोष्ट दहावर गेली, आणि 42 सामन्यांत दोन्ही. याचा अर्थ, रिबाउंड दहावर गेलेले सामने आणि असिस्ट दहावर गेलेले सामने यांची बेरीज 62 अधिक 42, म्हणजे 104 येते.

आता समजा, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. तेव्हा दोन्हींच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. 104 ची वाटणी 52-52 अशी केली तर हा गुणाकार सर्वांत मोठा येतो, आणि तोही सांगतो की साधारण 33 ट्रिपल-डबल व्हायला हवे होते. प्रत्यक्षात झाले 42. अशा वाटणीत निव्वळ योगायोगाने दोन-तीन सामने इकडेतिकडे होऊ शकतात, आठ-नऊ नाहीत. एक डॉलरवर एकूण किती डॉलर परत मिळतील या भाषेत बोलायचे, तर नफा न धरता गुणाकाराने 2.43 भाव निघतो आणि खऱ्या आकड्याने 1.93. नुसता गुणाकार करून भाव लावणारा बुकी अशा खेळाडूवर हंगामभर नुकसान सोसेल.

दोन्ही उंबरठे एकत्र ओलांडले जाण्याचे मोठे कारण म्हणजे मैदानावरची मिनिटे. सामना चुरशीचा झाला की मुख्य खेळाडू अडतीस मिनिटे खेळतो. एकतर्फी झाला किंवा त्याचे फाउल लवकर वाढले, तर तो अठ्ठावीस मिनिटांत बाकावर बसतो. मिनिटे घटली की तिन्ही रकाने एकदम आखडतात.

एक काल्पनिक खेळाडू घेऊ. दहा गुण तो नेहमीच करतो. त्याचे निम्मे सामने लांबतात. त्यांत दहा रिबाउंडची शक्यता 75 टक्के आणि दहा असिस्टची 50 टक्के. उरलेल्या निम्म्या सामन्यांत त्या 35 आणि 10 टक्के. सरसकट पाहिले तर 55 आणि 30 टक्के, गुणाकार 16.5 टक्के, भाव 6.06. पण आधी मिनिटे ठरवून मग गुणाकार केला, तर लांब सामन्यांत 37.5 टक्के आणि छोट्यांत 3.5 टक्के येतात. त्यांची सरासरी साडेवीस टक्के, म्हणजे भाव 4.88.

डबल-डबलचे मात्र याच्या उलट होते. संबंध नाही असे धरले तर त्याची शक्यता 68.5 टक्के येते, मिनिटे धरल्यावर 64.5 टक्केच उरते. दोन्ही गोष्टी एकाच रात्री साधल्या, की एकही न साधलेल्या रात्रीही वाढतात. म्हणून एकच संबंध ट्रिपल-डबलचा भाव उतरवतो आणि डबल-डबलचा चढवतो. दोन्ही शक्यतांची बेरीज मात्र 85 टक्केच राहते, कारण ती 55 आणि 30 चीच बेरीज आहे.

इथूनच भावांची पडताळणी करता येते. बुकीचा नफा वजा केल्यावर डबल-डबल आणि ट्रिपल-डबलच्या शक्यतांची बेरीज ‘दहा रिबाउंड’ आणि ‘दहा असिस्ट’ यांच्या बेरजेशी जुळत नसेल, तर चारांपैकी एखादा भाव चुकला आहे. बेरीज जुळली, पण ट्रिपल-डबलची शक्यता नेमकी गुणाकाराएवढीच निघाली, तर भाव काढणाऱ्याने मिनिटांचा विचार केलेला नाही. ही कसोटी दहा गुण हमखास करणाऱ्यांनाच लागू पडते. बारा गुणांच्या सरासरीच्या सेंटरसाठी तिन्ही जोड्या वेगळ्या मोजाव्या लागतात. म्हणून प्रत्यक्षात संगणकावर हजारो सामने खेळवले जातात. प्रत्येकात आधी मिनिटे ठरतात, मग त्या मिनिटांत तिन्ही आकडे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मिनिटे तेवढीच असताना स्वतः जास्त फटके मारणारा खेळाडू पास कमी देतो, त्यामुळे गुण आणि असिस्ट एकमेकांना मागे ओढू शकतात. नऊ रिबाउंडवर असलेल्या खेळाडूला दहाव्यासाठी मैदानावर ठेवले जाते. ते घडत असेल, तर त्याच्या नोंदींत नऊचे सामने अपेक्षेपेक्षा कमी आणि दहाचे जास्त दिसतात, आणि सरळ सूत्र ती उडी पकडत नाही. शिवाय नियम वाचावा लागतो. फेब्रुवारी 2017 मध्ये ड्रेमंड ग्रीनने अवघ्या चार गुणांत ट्रिपल-डबल केला. त्याचा तिसरा रकाना होता दहा स्टील्सचा.

मिनिटांचा हा धागा किती बळकट आहे, हे मार्च 2024 मध्ये दिसले. टोरंटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर आजारी असल्याचे सांगून तीन मिनिटांत मैदानाबाहेर गेला. त्याचे आकडे कमी राहतील अशा अनेक पैजा एकत्र गुंफून कोणीतरी 80 हजार डॉलर लावले होते, 11 लाखांच्या आशेने. संशय आल्याने ती पैज गोठवली गेली आणि एप्रिलमध्ये पोर्टरवर आजन्म बंदी आली. गुण, रिबाउंड आणि असिस्ट वेगवेगळे पाडायची गरजच नव्हती. मिनिटे तोडली की सगळे आकडे एकत्र कोसळतात. ट्रिपल-डबलच्या भावात नुसता गुणाकार करणारा नेमकी हीच गोष्ट विसरतो.