जुन्या स्टेटमेंटवरचे नऊशे रुपये

भारतातून इथे येताना आपल्यापैकी काहींनी म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट्सही बरोबर आणली. ती आज उघडली, तर हिशेब जुळत नाही. 40,900 रुपये भरले, त्या दिवशी एनएव्ही 20 रुपये होती, म्हणजे 2,045 युनिट मिळायला हवे होते. कागदावर मात्र 2,000च. मग 45 युनिट कुणी खाल्ले?

आधी एनएव्ही कशी निघते ते पाहू. समजा, फंडाच्या शेअर्सचा आजचा भाव 10 कोटी 5 लाख, रोख व येणे 20 लाख, आणि देणी व साठलेला खर्च 25 लाख. म्हणजे निव्वळ 10 कोटी उरले. युनिट 50 लाख असतील, तर एका युनिटचे 20 रुपये झाले.

आता ते 45 युनिट. त्या काळी एंट्री लोड, म्हणजे प्रवेशाचा आकार, घेत असत. तो 2.25 टक्के धरला, तर 20 रुपयांवर 45 पैसे चढतात आणि विक्रीची किंमत 20.45 होते. 40,900 भागिले 20.45 म्हणजे बरोबर 2,000 युनिट. त्यांचे मूल्य पहिल्याच दिवशी 40,000. नऊशे रुपये दारातच गेले. त्यातून मुख्यतः एजंटाचे कमिशन भागत असे. सेबीने 1 ऑगस्ट 2009 पासून हा आकार बंद केला. आपल्या इथल्या बँकेत ‘केरेन नेएमानुत’ घेताना मात्र ‘होसफा’ आहे का, हे विचारावे. ती याच जातीची.

खर्चाचे प्रमाण, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, निराळे. ते वर्षाला 1.5 टक्के असेल, तर 10 कोटींवर 15 लाख, म्हणजे रोज सुमारे 4,110 रुपये. ही रक्कम दररोज फंडाच्या मालमत्तेतूनच वजा होते आणि मग एनएव्ही जाहीर होते. आपल्याला वेगळे बिल येत नाही, म्हणून ती दिसत नाही. (इथल्या कागदांवर ती ‘दमेय निहुल’ या नावाने भेटते.)

आम्हीही इथेच चुकलो होतो. वर्षात शेअर्स 12 टक्के वाढले, खर्च 1.5 गेला, म्हणून एनएव्ही ढोबळमानाने 10.5 टक्के वाढून 22.10 झाली. आपल्या 2,000 युनिटचे 44,200. यातून आम्ही पुन्हा दीड टक्का, म्हणजे 663 रुपये, वजा केले आणि उगाच हळहळलो. तो खर्च 22.10 या आकड्यात आधीच गेलेला होता.

मग खरा नफा किती? 44,200 वजा 40,900, म्हणजे 3,300 रुपये. भरलेल्या पैशांवर साधारण 8.07 टक्के. शेअर्स वाढले 12 टक्के. मधला फरक काही दारात गेला, काही घरात रोज थोडाथोडा. पैसे काढताना एक्झिट लोड असेल, तर तो 44,200वर लागेल. किती काळ ठेवल्यावर तो माफ होतो, हे योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते.