चार्ज देताना स्टोअरकीपरने काय लिहून ठेवावं

महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली आणि ती कायमची चिकटली. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा सरकारी नियम बऱ्याच कारखान्यांतही पाळला जातो, त्यामुळे 31 मे रोजी ठिकठिकाणी हारतुऱ्यांचे कार्यक्रम असतात. साखर कारखान्याच्या स्टोअरला याहून अडचणीची तारीख शोधून सापडणार नाही. पट्टा पडलेला असतो, ओव्हरहॉलिंग ऐन भरात असतं, मिल उघडून ठेवलेल्या असतात. रोलर फाउंड्रीत गेलेले, मोटारी रिवाइंडिंगला गेलेल्या, निम्म्या ऑर्डरी वाटेत आणि उरलेल्यांच्या फायली मंजुरीसाठी टेबलावर. अशा वेळी पंचवीस-तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस घरी जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटवून गव्हाणीत मोळी टाकली जाते, तेव्हा स्टोअरच्या खिडकीत दुसराच कोणी उभा असतो.

चार्ज देण्याची रूढ पद्धत सोपी आहे. संगणकावरून स्टॉक लेजरची यादी काढायची, काही नगांची मोजणी करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. ही यादी लागतेच, पण तिच्यातून फक्त पुस्तकात किती माल आहे तेवढं कळतं. तो कुठे ठेवलाय, त्यातला कामाचा किती आणि पुस्तकातला आकडा कुठे खोटा आहे, हे जाणाऱ्याच्या डोक्यात असतं. चार्ज नोट लिहायची ती यासाठी.

एक बेअरिंग घेऊन बघू. 22220 हे गोल रोलरचं बेअरिंग कारखान्यात अनेक ठिकाणी लागतं. नंबरातले शेवटचे दोन अंक पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे 20 गुणिले 5, 100 मिलिमीटर. पण याच नंबरापुढे K अक्षर असलं तर भोक निमुळतं असतं. ते शाफ्टवर थेट बसत नाही, मध्ये अॅडॉप्टर स्लीव्ह लागते आणि शाफ्ट 90 मिलिमीटरचा असावा लागतो. दोन्ही बेअरिंगं बाहेरून सारखीच दिसतात आणि रॅकवर शेजारीशेजारी बसतात. कधीतरी खरेदीच्या कागदावर K लिहायचं राहून जातं आणि दोन्हींची नोंद एकाच कोडखाली होते.

समजा, लेजर सांगतं 22220 बेअरिंग 5 नग. रॅकपाशी जाऊन पाहिलं तर 3 आहेत, त्यातलं 1 सरळ भोकाचं आणि 2 K. चौथं फेब्रुवारीत शेजारच्या कारखान्याला हातउसनं दिलं होतं. हंगामात गाळप थांबू नये म्हणून कारखाने एकमेकांना असं देतात आणि कागद मागाहून होतो, किंवा होतच नाही. पाचवं रात्रपाळीत एका फिटरने कच्च्या चिठ्ठीवर नेलं आणि चिठ्ठीची इश्यू स्लिप अजून झालेली नाही. पाच नगांचा हिशेब नीट लागला, एकही नग गहाळ नाही. तरीही मध्यरात्री शाफ्टच्या दोन्ही टोकांना सरळ भोकाची दोन बेअरिंगं हवी असतील तर स्टोअरात एकच आहे. लेजर पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, उलट पाच नग दिसत असल्यामुळे नवी मागणी थांबून राहील.

चार्ज नोटमध्ये या बेअरिंगची नोंद साधारण अशी असावी: ‘22220. पुस्तकात 5. रॅक 7, खण 3 मध्ये 1 साधं, 2 K. एक शेजारच्या कारखान्याला उसनं, चीफ इंजिनिअर साहेबांना माहीत आहे, पत्र घेतलेलं नाही. एक रात्रपाळीच्या चिठ्ठीवर, चिठ्ठी खिडकीजवळच्या फाइलीत. K साठी वेगळा कोड पाडावा. साध्या बेअरिंगची मागणी जूनमध्येच करावी, मी केलेली नाही.’ चार-पाच ओळी झाल्या. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावरून नव्या माणसाला कळतं की हे काम आता त्याचं आहे.

बेअरिंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नव्या माणसाला रॅकपाशी उभं करून दाखवायलाच हवी. खोकं वाचून मोजणी करायची नाही. मिलमधून काढलेलं जुनं बेअरिंग नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून परत ठेवण्याची सवय फिटर मंडळींना असते. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून ते ठेवतात, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. नव्या बेअरिंगला तेलाचा कागद गुंडाळलेला असतो आणि रिंगवर नंबर कोरलेला असतो. कागद फाटला असेल, रोलरवर चकाकी गेलेले पट्टे दिसत असतील, तर ते वापरलेलं समजावं आणि वेगळ्या फळीवर ठेवावं. नोटमध्ये जिथे ‘खोकं उघडून पाहिलं’ असं लिहिलेलं नाही, तिथे नव्या माणसाने ते उघडून पाहिलंच पाहिजे.

जागा लिहिताना रॅक आणि खणाचे नंबर पुरतात असं वाटतं, पण अडचण रॅकवर न बसणाऱ्या मालाची होते. मिलची मोठी साखळी शेडच्या मागे असते. लांब पाइप कुंपणालगत. तांबे-पितळेच्या आणि गनमेटलच्या वस्तू चोरीच्या भीतीने कुलपात ठेवतात आणि त्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच खात्याकडे असते. गंधक मुख्य स्टोअरपासून दूर, वेगळ्या गोदामात असतं, कारण ते पेट घेतं. त्याच्याजवळ वेल्डिंग चालू द्यायचं नाही, ब्लीचिंग पावडर ठेवायची नाही, हे जागेसोबतच लिहावं. फिटरांच्या कपाटात, वर्कशॉपच्या कोपऱ्यात असलेला ‘आपलाच’ माल हाही जागेच्याच यादीत यायला हवा. तो सहसा येत नाही आणि पुढच्या मोजणीत नेमकी तिथेच तूट दिसते.

आता ऑर्डरी. खरेदी विभागाकडे प्रलंबित ऑर्डरींची यादी असते, म्हणून स्टोअरकीपर त्या लिहीत नाहीत. त्या यादीत मागवलेला पण न आलेला माल दिसतो. आलेला पण नोंद न झालेला माल तिच्यात दिसत नाही. ट्रक येतो, माल उतरतो, चलनावर शिक्का पडतो. तपासणी करणारा इंजिनिअर रजेवर असतो, म्हणून जीआरएन होत नाही. दरम्यान ओव्हरहॉलिंगला घाई असते, म्हणून त्यातला निम्मा माल वापरलाही जातो. पुस्तकात आवक शून्य आणि खर्च 20 नग, त्यामुळे शिल्लक उणे 20 दिसते. उणे शिल्लक दिसली की बहुतेक वेळा कारण हेच असतं. अशी प्रत्येक ओळ नोटमध्ये चलनाच्या तारखेसह यावी आणि कोणाची सही अडली आहे तेही लिहावं. नाहीतर पुरवठादार बिलाच्या मागे लागतो आणि नवा माणूस ‘माल आलाच नाही’ असं प्रामाणिकपणे सांगून बसतो.

दुसरा प्रकार बाहेर गेलेल्या मालाचा. रिवाइंडिंगसाठी मोटार पाठवताना परतीचा गेटपास फाडतात आणि त्यावर ‘मोटार 50 एचपी, 1 नग’ एवढंच असतं. मोटार जाताना पुलीसकट गेली असेल आणि येताना पुलीशिवाय आली, तर सप्टेंबरात कोणाला आठवणार? नोटमध्ये मोटारीच्या पाटीवरचा सीरियल नंबर, सोबत काय गेलं आणि कधी परत यायला हवी, हे तिन्ही लिहावं. रोलरचंही तसंच. नवी शेल चढवून किंवा खाचा पाडून यायला वेळ लागतो. तो कुठल्या मिलचा, वरचा की खालचा, हे फाउंड्रीपेक्षा आपल्या कागदावर असलेलं बरं.

तिसरा प्रकार कधीच न येणाऱ्या मालाचा. 60 मीटर साखळी मागवली, 40 आली, उरलेली 20 मीटर देण्यात पुरवठादाराला रस नाही. ऑर्डर मात्र उघडीच राहते. खरेदी विभागाला ती 20 मीटर ‘येणार’ दिसते, म्हणून नवी मागणी परत येते. अशी ऑर्डर बंद करायला जाणाऱ्यानेच सांगून जावं.

नोंदींमधला सगळ्यात जुनाट रोग एककाचा. लोखंड किलोने विकत घेतात आणि लांबीने देतात. 50 बाय 50 बाय 6 चा अँगल मीटरला साडेचार किलो धरतात, म्हणजे 6 मीटरचा एक बार 27 किलो. एक टन मागवला की साधारण 37 बार येतात. फॅब्रिकेटर 3 बार नेतो, कारकून 81 किलो खर्च टाकतो. पण रोलिंगमध्ये प्रत्यक्ष वजन थोडं कमी-जास्त असतं आणि काट्यावर झालेलं खरं वजन बिलात असतं. शिवाय कापून उरलेले दोन-तीन फुटांचे तुकडे परत येतात, त्यांची नोंद कोणी करत नाही. दोन-तीन हंगामांत पुस्तकात 300 किलो शिल्लक दिसते आणि जमिनीवर चार पूर्ण बार आणि तुकड्यांचा ढीग असतो. चार बार म्हणजे 108 किलो. उरलेले 192 किलो चोरीला गेले की तुकड्यांत पडलेत, हे तुकडे काट्यावर टाकल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. नोटमध्ये त्या वस्तूसमोर कुठलं माप धरून हिशेब होतो ते लिहावं, पूर्ण बार वेगळे मोजावेत आणि तुकड्यांचं वजन वेगळं लिहावं.

इथे मला आग्रहाने एक सांगायचंय. शेवटच्या आठवड्यात असे सगळे फरक ‘अॅडजस्टमेंट’ टाकून मिटवायचा मोह होतो. पुस्तक आणि रॅक जुळले की चार्ज स्वच्छ दिसतो, निरोप समारंभाला कटकट राहत नाही. पण त्या 192 किलोची एका ओळीत वजावट झाली की फरक का पडला हे शोधायचा धागाच तुटतो आणि तीच चूक पुढच्या हंगामात पुन्हा सुरू होते. फरक आहे तसा ठेवावा, कारण माहीत असेल तर लिहावं, नसेल तर ‘कारण सापडलं नाही’ असं लिहावं. मग त्या पानावर देणारा, घेणारा आणि अकाउंट्सचा माणूस अशा तिघांनी सह्या कराव्यात. वजावट करायची की नाही ते नंतर रीतसर मंजुरीने ठरेल. निवृत्त होणाऱ्यालाही यातच संरक्षण आहे. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात प्रश्न आला तर 31 मेच्या तारखेचं सहीचं पान दाखवता येतं.

हजारो नगांची मोजणी महिन्याभरात होत नाही आणि ती झाल्याचं दाखवूही नये. मोजणी कुठून सुरू करायची ते ठरवता येतं: आधी हंगाम बंद पाडू शकतील असे सुटे भाग, मग महागडा माल, मग उणे शिल्लक दिसणाऱ्या ओळी, मग एकाच वस्तूचे दोन कोड. नट-बोल्ट, खिळे, चिंध्या शेवटी. जिथपर्यंत पोचलो तिथे रेघ मारून खाली ‘इथून पुढे मोजलेलं नाही’ असं लिहावं, म्हणजे तेवढी मोजणी बॉयलर पेटायच्या आत करायची हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं.