खुर्चीतून न उठणारा माणूस

अंगावरून वारं गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की महिना-दोन महिन्यांत कुणीतरी म्हणतंच, 'हात चालत नाही म्हटल्यावर माणूस खचणारच.' बोलण्यात माया असते, म्हणून ते कुणी खोडत नाही. पण १९७७ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. एकीकडे पक्षाघाताचे २० रुग्ण, दुसरीकडे हाडांच्या आजारामुळे जवळपास तितकेच परावलंबी झालेले १० रुग्ण. नैराश्य आढळलं ते पक्षाघात झालेल्यांपैकी ९ जणांत आणि हाडांच्या रुग्णांपैकी फक्त एकात. अभ्यास छोटा होता, पण त्याने विचारलेला प्रश्न मोठा होता. परावलंबन सारखंच असेल, तर हा फरक आला कुठून?

तो मेंदूतून येतो, निदान बराचसा. मनःस्थिती सावरण्याचं काम मेंदूतल्या कुठल्या एका ठिकाणी चालत नाही. कपाळामागचा भाग, खोलवरच्या गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचं मिळून ते काम आहे. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं पोहोचवणारे तंतू मेंदूच्या देठापासून निघून लांबवर पसरलेले असतात, त्यामुळे वाटेत कुठेही रक्तपुरवठा तुटला तरी पुढच्या भागाला झळ लागू शकते. डाव्या बाजूला पुढे इजा झाली तर नैराश्य येतं, असं १९८०च्या दशकात रॉबर्ट रॉबिन्सन यांनी मांडलं आणि ते बरीच वर्षं शिकवलंही गेलं. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तितका साधा नियम टिकला नाही. म्हणून एमआरआयकडे बोट दाखवून 'यांना नैराश्य येणार' असं कुणी सांगत असेल, तर ते ऐकून सोडून द्यावं.

शिवाय मेंदूबाहेरचं आयुष्य आहेच. बोलता न येणं, पगार थांबणं, संडासला जाण्यासाठी सुनेला हाक मारावी लागणं. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, किंवा झटका मोठा असेल, तर धोका वाढतो. हे सारं मिळून, पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी नैराश्य गाठतं आणि पहिलं वर्ष त्यात सर्वांत नाजूक असतं.

पण खुर्चीत गप्प बसलेला प्रत्येक माणूस त्या तिघांतला एक नसतो. अनेक घरांत दिसतं ते जोडून एक उदाहरण घेऊ. सांगलीकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर, वय ६३. डाव्या मेंदूत गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला, चालणं काठीवर आलं. तिसऱ्या महिन्यात ते दिवसभर खुर्चीत. पेपर समोर, पण उघडलेला नाही. मुलगा म्हणतो, 'डिप्रेशन आलंय.' व्यायाम शिकवणारा म्हणतो, 'यांची इच्छाच नाही.' काकूंचं म्हणणं वेगळंच, 'अहो म्हटलं की करतात, नाहीतर तसेच बसतात.'

निदानाची किल्ली काकूंच्याच बोलण्यात होती. डॉक्टरांनी तिला धरून पुढचे प्रश्न विचारले. नातवाने कॅरम मांडला तर खेळतात का? खेळतात, हसतातही. जेवण? पानात वाढलेलं आवडीने खातात. झोप? शांत. आणि खुद्द काकांना विचारलं, दिवसभर बसून वाईट वाटतं का? 'नाही. का वाटावं?' त्या उत्तरात दुःख नव्हतं, तक्रारही नव्हती. ही निरिच्छता. कृती सुरू करून देणारी मेंदूतली साखळीच सैल झालेली असते. बाहेरून कुणी ढकललं की गाडी चालते, आपणहून निघत नाही. घरच्यांना जितका त्रास होतो तितका रुग्णाला होत नाही, हीच तिची ओळख. यावर भरवशाची गोळी नाही. उपयोग होतो तो ठरलेल्या वेळेचा आणि थेट सूचनेचा. 'फिरायला जायचं का?' असं विचारलं तर उत्तर 'नको' येतं. 'पाच वाजले, चपला घाला' म्हटलं की माणूस उठतो.

थकव्याचं गणित उलटं. त्या माणसाला जायचं असतं. तो सकाळी हौसेने कट्ट्यावर निघतो, अर्ध्या वाटेत गळून बसतो आणि दुपारभर पडून राहतो. चिडतो, पण ती चीड स्वतःच्या अंगावरची असते, जगण्यावरची नसते. पक्षाघातानंतर जवळपास निम्म्या लोकांना असा थकवा येतो. अगदी सौम्य झटक्यानंतरही येतो आणि नुसत्या विश्रांतीने पुरता जात नाही. इथे आधी रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोडियम पाहावं, रक्तदाबाच्या गोळ्या तपासाव्यात, आणि रात्री घोरताना श्वास अडकतो का ते घरच्यांना विचारावं. मग कामं दिवसभरात वाटून घ्यायची.

नैराश्यात माणसाला त्रास होतो, आणि आवडीची गोष्ट समोर आणून ठेवली तरी ती गोड लागत नाही. आपल्या काकांचंही पुढे तसंच झालं. सातव्या महिन्यात त्यांना पहाटे चारला जाग येऊ लागली. नातवाने कॅरम मांडला तर तोंड फिरवू लागले. 'माझ्यामुळे तुमचे हाल', हे रोजचं झालं. निरिच्छ माणूस अपराधी होत नाही. काकूंनी हा बदल ओळखला, कारण आधीचं रूप त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. (नुसत्या रडण्यावरून मात्र ठरवू नये. पक्षाघातानंतर काहींना क्षुल्लक गोष्टीवर हुंदका फुटतो, मिनिटभरात थांबतो आणि आत दुःख नसतं. तो भावनेवरचा ताबा सुटण्याचा वेगळा प्रकार आहे.)

डॉक्टर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यात थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं यांचेही गुण मिळतात, आणि पक्षाघात एकटाच ते गुण गोळा करू शकतो. म्हणून उदासी, आनंद हरपणं, अपराधीपणा आणि मरणाचे विचार या प्रश्नांची उत्तरं वेगळी काढून वाचावी लागतात. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्यासाठी जवळच्या माणसाने भरायच्या प्रश्नावल्या आहेत. 'गेलो असतो तर बरं' असं बोलणं मात्र कुठल्याही गुणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही त्यासाठी आहे.

औषध सर्वांना आधीच देऊन टाकावं का, हे ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. फोकस नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सहा महिने फ्लुऑक्सेटिन घेतल्याने हातापायांची कामं सुधारली नाहीत. नैराश्य थोडं कमी जणांना आलं, पण हाडं जास्त मोडली. म्हणून सरसकट नाही, निदान झाल्यावरच गोळी. म्हाताऱ्या माणसांत तिच्याने सोडियम उतरू शकतं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे रक्ततपासणी हवी. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनाने अचानक बंद करायची नाही.

काकांना गोळी सुरू झाली, जोडीला समुपदेशनही. दोन महिन्यांत पहाटेची जाग थांबली, 'तुमचे हाल' बंद झालं. पण पेपर अजून काकूंनीच उघडून द्यावा लागतो. मुलाला वाटलं, डोस कमी पडतोय. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. उरलं होतं ते नैराश्य नव्हतंच, जुनी निरिच्छता होती, आणि या जातीच्या गोळ्यांचा डोस वाढवला तर काहींमध्ये तीच आणखी वाढते.