पडदा एक, दावेदार दोन

कंपनी कायद्याच्या पेपरात ही हकिकत नाना रूपांत येते. श्रीधर पुण्यातली आपली बेकरी नावलौकिकासह अनंतला विकतो आणि पुढची पाच वर्षं पाच किलोमीटरच्या आत बेकरी काढणार नाही, असं लिहून देतो. सहा महिन्यांत तो एक प्रायव्हेट कंपनी स्थापतो. तिच्या 10,000 शेअरपैकी 9,900 त्याचे आणि 100 बायकोचे. ही कंपनी अनंतच्या शेजारच्याच चौकात बेकरी थाटते. ती तोट्यात चालते आणि मैदा पुरवणाऱ्या महेशचे 18 लाख रुपये थकतात. अनंत आणि महेश यांना सल्ला द्या.

बहुतेक उत्तरं एकाच सपाट्यात संपतात: दोघांवर अन्याय झाला, मालक एकच, म्हणून कंपनीचा पडदा दूर करावा. पण प्रश्न रचलाय तोच दोघांची उत्तरं वेगळी यावीत म्हणून.

सुरुवात सॉलोमनच्या खटल्यापासून करावी लागते. लंडनच्या या चर्मव्यावसायिकाने आपला बुटांचा धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे होते, उरलेले सहा बायकोमुलांचे. कंपनी बुडाली तेव्हा धनकोंचा रोख त्याच्याकडे वळला, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये ठरवलं की कायद्याने नोंदलेली कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे आणि तिचं कर्ज तिचंच. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 9 हेच सांगतं. म्हणून 9,900 शेअर श्रीधरचे आहेत, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

महेशची बाजू इथेच अडते. त्याने उधारी कंपनीला दिली, बिलं कंपनीच्या नावाने फाडली. श्रीधरने व्यक्तिगत हमी दिली होती का, हे आधी पाहायचं. हकिकतीत तसं नाही. फसवणुकीच्या हेतूने धंदा चालवला असेल तर दिवाळखोरी संहितेच्या कलम 66 खाली श्रीधरला स्वतःच्या खिशातून भर घालायला लावता येते. पण तो कायद्यानेच दिलेला वेगळा अधिकार आहे, त्याला पडदा दूर करणं म्हणू नये. शिवाय ती कारवाई संहितेखालची प्रक्रिया सुरू झाल्यावरच होते, आणि 2020 पासून प्रक्रिया सुरू करायला किमान एक कोटीची थकबाकी लागते. 18 लाखांवर महेशला ते दार एकट्याने उघडता येत नाही. त्याने कंपनीवर वसुलीचा दावा लावावा, हाच खरा सल्ला.

अनंतचं वेगळं आहे. श्रीधरवरचं बंधन कंपनी जन्मण्याआधीचं आहे आणि ते चुकवायलाच कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधल्या गिलफोर्ड मोटर विरुद्ध हॉर्न या 1933 च्या खटल्यात, जुन्या कंपनीची गिऱ्हाइकं फोडणार नाही असं कबूल केलेल्या हॉर्नने कंपनीआडून तेच केलं. न्यायालयाने मनाई हुकूम दोघांवर बजावला. प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेलमध्ये 2013 साली लॉर्ड सम्प्शन यांनी तत्त्व नेमकं केलं: आधीचं बंधन चुकवायला कंपनी मध्ये घातली असेल तरच, आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, पडदा दूर व्हावा. त्या खटल्यात मात्र पडदा दूर झाला नाही. घरं कंपन्यांनी पतीसाठी विश्वस्त म्हणून धारण केली होती, या आधारावर पत्नीला ती मिळाली. विद्यार्थी हे नेमकं उलटं लिहितात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडियामध्ये हा मार्ग अरुंदच ठेवला. दिनशॉ पेटिट यांच्या 1927 च्या मुंबईच्या निकालाचं उद्धरण इथे सर्रास दिसतं. तो प्राप्तिकर टाळण्याचा मामला होता, बेकरीच्या बंधनाशी त्याचा थेट संबंध नाही.

पण त्याआधी एक पायरी आहे, आणि उत्तराचा दर्जा माझ्या मते तिच्यावरच ठरतो. हॉर्नचं बंधन नोकरीच्या करारातून आलं होतं. आपल्या करार कायद्याच्या कलम 27 नुसार व्यवसाय करायला मनाई करणारा करार रद्दबातल असतो, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या मनाईलाही सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात थारा दिला नाही. नावलौकिक विकणाऱ्यावरची वाजवी हद्दीतली मनाई हा या कलमातला अपवाद आहे. श्रीधरचं पाच किलोमीटरचं वचन त्यात बसतं, हे आधी दाखवायचं. मगच हॉर्न कामाला येतो. करारात ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ असे शब्द असतील तर श्रीधरविरुद्ध पडद्याला हात लावायचीही गरज नाही. ती गरज कंपनीला थांबवण्यापुरती उरते.

प्रश्नकर्त्याने ‘बेकरी विकतो’च्या जागी ‘बेकरीतली नोकरी सोडतो’ एवढं बदललं, तर अनंतचा दावा पडद्यापर्यंत पोहोचतच नाही.